थंडीत खोकला, पावसाळ्यात डेंग्यू: साथींच्या ऋतूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दवाखाना चालवताना वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर बघावं लागत नाही, बाकावर बसलेल्या माणसांवरून ते कळतं. जानेवारीत खोकणारी मुलं, ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेली आख्खी घरं, सप्टेंबरात प्लेटलेट्सचा कागद हातात घेऊन आलेले घाबरलेले नातेवाईक. असं का होतं, हे लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

थंडी लागल्याने सर्दी होते का? आई म्हणायची, डोक्याला वारं लागू देऊ नकोस.

विषाणू नसेल तर नुसत्या थंडीने सर्दी होत नाही. पण आईचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. साध्या सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याला शरीराच्या ३७ अंशांपेक्षा नाकातले ३३-३४ अंश जास्त मानवतात. थंड हवा ओढली की नाकाचा आतला भाग आणखी गार पडतो आणि विषाणूला अडवणारी पेशींची पहिली फळी तेवढी मंदावते. म्हणजे थंडी चोराला जन्म देत नाही, पहारेकऱ्याला पेंग आणते. कानटोपी घातली तर बिघडत नाही, पण घरातला खोकणारा माणूस कानटोपीपेक्षा महत्त्वाचा.

मग फ्लू हिवाळ्यात वाढतो तो थंडीमुळे की कोरड्या हवेमुळे?

दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. कशा, ते एका हिशोबातून बघू. तुमची मुलगी न्यू जर्सीत आहे आणि जानेवारीत बाहेर शून्य अंश आहे असं धरा. इतक्या थंड हवेत एका घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येते आणि हीटरने २० अंशांवर जाते. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम वाफ मावू शकते, पण आत आहे ती पाचच. म्हणजे घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली. ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो, सकाळी नाकातून रक्त येतं. फोनवर ती ज्या तक्रारी करते त्या सगळ्या या एका भागाकारातून आलेल्या असतात.

अशा हवेत तीन गोष्टी घडतात. खोकल्यातून उडालेला थेंब पटकन सुकून बारीक होतो आणि जमिनीवर पडायच्या ऐवजी बराच वेळ तरंगतो. त्यातला फ्लूचा विषाणू जास्त काळ जिवंत राहतो. आणि आपल्या श्वासनलिकेतला चिकट थर, जो केसाळ पेशींच्या मदतीने कचरा वर ढकलत असतो, तो सुकून जड होतो.

न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे गिनीपिगवर तपासून पाहिलं. आजारी आणि निरोगी प्राणी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले, मध्ये फक्त हवा. ५ अंशांवर आणि कोरड्या हवेत लागण सहज झाली, ३० अंशांवर झालीच नाही.

पण पुण्यात तर स्वाइन फ्लू ऑगस्टमध्ये आला होता!

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण इथेच पाठ्यपुस्तकातलं 'फ्लू हा हिवाळ्याचा आजार' हे वाक्य अडखळतं. ३ ऑगस्ट २००९ रोजी भारतातला एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूचा, पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. बाहेर पाऊस, शाळा बंद, तोंडाला रुमाल आणि तपासणीच्या रांगा, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. तो विषाणू नवा होता, हे खरं. पण नेहमीचा फ्लूसुद्धा आपल्याकडे पावसाळ्यातच मोठी उचल खातो. देशभरातल्या प्रयोगशाळांनी अनेक वर्षं नमुने तपासले, तेव्हा चित्र असं निघालं: श्रीनगरला मोठी लाट जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे थंड देशांसारखी. पुणे, दिल्ली, कोलकाता इथे जुलै ते सप्टेंबर. आणि चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण त्यांचा मोठा पाऊस तेव्हाच पडतो. पावसाची वेळ बदलली तशी फ्लूची बदलली. पुण्यात जानेवारी-मार्चमध्येही एक लाट येते, बहुधा लहान. २०१५ मध्ये मात्र तिनेच महाराष्ट्राला आणि गुजरात-राजस्थानला चांगलं हलवलं.

दमट हवेत विषाणू पसरायला नको, मग हे कसं? त्याच न्यूयॉर्कच्या गटाने पुढच्या वर्षी प्रयोगात एक बदल केला. ३० अंशच ठेवले, पण आजारी आणि निरोगी प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवले. आता लागण झाली. हवेतली वाट बंद होती, स्पर्शाची आणि जवळिकीची उघडी होती.

तो एकच पिंजरा म्हणजे आपला पावसाळा. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी हवेत घनमीटरला साधारण ८-९ ग्रॅम वाफ असते. न्यू जर्सीच्या घराइतकी ती कोरडी नाही. शिवाय आपल्या खिडक्या तेव्हा उघड्या असतात, माणसं उन्हात बसतात. जुलैत वाफ २० ग्रॅमच्या घरात जाते, पण तेव्हाच रिक्षाचे पडदे खाली येतात, बसच्या काचा बंद होतात. जूनच्या मध्याला शाळा उघडलेल्या असतात आणि साठ मुलांच्या वर्गात ओले रेनकोट वाळत असतात. गर्दी सोय करून देते आणि विषाणू ती घेतो. पावसाळ्यातल्या लाटेत हवामानाचा वाटा किती आणि बंद खिडक्यांचा किती, हे अजून कुणी नेमकं वेगळं करून दाखवलेलं नाही. माझा स्वतःचा कल खिडक्यांकडे आहे.

ऋतूच ठरवत असेल, तर कोव्हिडची मोठी लाट एप्रिलच्या उन्हात कशी आली?

कारण ऋतू हा हलका धक्का असतो, इंजिन नव्हे. ज्या विषाणूविरुद्ध बहुतेकांच्या शरीरात काहीच तयारी नसते, त्याला ऋतूच्या मदतीची गरज पडत नाही. २०२१ ची लाट महाराष्ट्रात आधी फेब्रुवारीत अमरावतीकडे दिसू लागली आणि एप्रिलच्या कडक उन्हात कळसाला गेली. पुढे बहुतेकांना लागण किंवा लस मिळून गेली की विषाणूची गाडी चढावर रखडू लागते, आणि मग हवामानाचा छोटा धक्काही पुरतो. जुने विषाणू ऋतू पाळतात आणि नवे पाळत नाहीत, ते यामुळे.

आता डासांकडे. पाऊस आला की डबकी होतात, डबक्यात डास होतात, एवढंच ना?

एवढंच असतं तर हिशोब सोपा होता. डासांची संख्या हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा, आणि माझ्या मते मोठा, म्हणजे डासाचं आयुष्य.

डेंग्यूच्या रुग्णाला चावलेली एडिस डासाची मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणू आधी तिच्या पोटात वाढतो, मग लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यातल्या २५ ते २८ अंशांत याला ८ ते १२ दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली तरच ती धोकादायक. आता बघा. रोज दहातला एक डास मरत असेल, तर १०० पैकी सुमारे ३५ माद्या दहाव्या दिवसापर्यंत टिकतात. रोज दहातले दोन मरत असतील, तर टिकतात जेमतेम ११. रोजच्या मरणात एवढासा फरक, पण रोग पसरवणाऱ्या माद्या तिपटीने कमी. मे महिन्यातली रखरखीत हवा डासांना सुकवून मारते. पावसाळ्यातला दमटपणा त्यांचं आयुष्य वाढवतो. आणि डिसेंबरात पुण्याची रात्र १०-१२ अंशांवर आली की विषाणूची डासातली वाढच रेंगाळते. दहा दिवसांचं काम तीन आठवड्यांवर जातं आणि बहुतेक माद्या त्याआधी मरतात.

पाऊस जूनमध्ये येतो, डेंग्यूचा कहर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधले तीन महिने तो काय करतो?

गुणाकार करत असतो. एका काल्पनिक सोसायटीचं उदाहरण घेऊ.

गच्चीवर एक जुना टायर पडला आहे. मागच्या ऑक्टोबरात त्याच्या आतल्या कडेला एडिसने अंडी चिकटवली होती. ही अंडी कोरडी राहून सहा महिने, कधी त्याहूनही जास्त टिकतात. १२ जूनला चांगला पाऊस झाला, पाणी अंड्यांपर्यंत चढलं आणि एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर आल्या. २२ जूनच्या सुमाराला डास उडाले. त्याच सुमाराला एक रहिवासी गावाहून ताप घेऊन आला. त्याला २५ जूनला एक मादी चावली. दहा दिवसांनी, ५ जुलैला, ती शेजाऱ्याला चावण्याजोगी झाली. माणसाच्या शरीरात रोग दिसायला आणखी पाच-सहा दिवस, म्हणजे शेजाऱ्याचा ताप साधारण १० जुलैला.

एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत हे असे पंधरा दिवस लागतात. प्रत्येक रुग्णापासून दोघांना लागण होते असं धरलं, तर १० जुलैला दोन रुग्ण, २५ जुलैला चार, ९ ऑगस्टला आठ, २४ ऑगस्टला सोळा, ८ सप्टेंबरला बत्तीस आणि २३ सप्टेंबरला चौसष्ट. जुलैतले दोन आणि चार कुणाच्या लक्षातही येत नाहीत. डेंग्यूची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना तर ताप जाणवतही नाही, पण त्यांच्याकडूनही डासाला विषाणू मिळू शकतो. चौसष्ट झाले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पडायला लागतात आणि धुराची गाडी मागवली जाते.

खऱ्या वस्तीत आकडे इतके शिस्तीत वाढत नाहीत. पण जूनचा टायर सप्टेंबरात कसा फुटतो, ते यातून दिसतं.

जास्त पाऊस म्हणजे जास्त डेंग्यू का?

नाही. तीन दिवस झड लागली तर कुंड्या, बादल्या, टायर भरून वाहतात आणि अळ्या वाहून जातात. डासाला हवी असते ती उघडीप: एक सर, मग चार-पाच दिवस ऊन, पुन्हा एक सर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये पुण्यातला डेंग्यू आणि हवामान यांचा ताळा मांडला. त्यांना दिसलं ते असंच होतं: २७ अंशांपेक्षा जास्त तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि हंगामभर पसरलेला मध्यम पाऊस असेल तर डेंग्यू वाढतो. एका आठवड्यात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त कोसळला तर उलट कमी होतो. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ कवींना आवडतो तसा एडिसलाही.

आमच्याकडे पाऊसच नाही, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. मग आम्ही सुटलो?

उलट. एडिसला डबकं लागत नाही, घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी चालतं. मराठवाड्यात, सोलापूरकडे पाण्याचा दिवस लांबला की प्रत्येक घरात पिंप, रांजण, हौद, न्हाणीतली टाकी भरून ठेवली जाते. आठ दिवस न हलणारं पाणी म्हणजे डासाची पूर्ण पिढी. अंड्यापासून डास व्हायला ८ ते १० दिवस लागतात, हे त्या नळाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रातली चिकुनगुन्याची जुनी नोंदलेली साथ १९७३ ची, आणि ती झाली बार्शीला. कोकणात नव्हे, कमी पावसाच्या गावात. चिकुनगुन्याही याच डासाचा पाहुणा.

म्हणून 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, ओतल्यावर तिथेच राहतात, आणि पुन्हा भरलं की फुटतात. कडा काथ्याने किंवा ब्रशने घासायला हव्यात. रिकामा करता न येणारा हौद असेल तर घट्ट कापड बांधा किंवा आत गप्पी मासे सोडा. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनी प्लँटची बाटली मी प्रत्येक घरी विचारतो. अर्ध्या वेळा उत्तर म्हणून नुसतं एकमेकांकडे बघणं मिळतं.

डास तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जास्त चावतात. तेव्हा डेंग्यू का नसतो?

कारण ते डास वेगळे. फेब्रुवारीत नदीचं पाणी अडतं, त्यावर जलपर्णी पसरते, नाले संथ होतात आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स थव्याने येतो. तो संध्याकाळी आणि रात्री चावतो, कानाशी गुणगुणतो, झोप घालवतो. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरू शकतो, डेंग्यू नाही. एडिस संख्येने थोडा, दिवसा चावणारा, पायाला हळूच टोचून जाणारा, आणि जिथे जन्मला तिथून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे फारसा न जाणारा. म्हणून आवाजावरून धोका मोजू नका. आणि डेंग्यूचा रुग्ण निघाला तर डास नदीवरून आला असं न म्हणता आधी स्वतःची गच्ची बघा.

मलेरियाला हिवताप म्हणतात, मग तो हिवाळ्याचा रोग नाही का?

'हिव' म्हणजे अंगात भरणारी थंडी. ऋतूशी त्याचा संबंध नाही. मलेरियाचा ॲनोफिलिस डासही पावसाळ्यातच बळावतो आणि परोपजीवीला त्याच्या शरीरात वाढायला तशीच उबदार, दमट हवा लागते. मुंबईतला ॲनोफिलिस स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. गडचिरोलीच्या जंगलातले त्याचे भाऊबंद झऱ्यांत आणि शेतातल्या पाण्यात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. जानेवारीत हुडहुडी भरून ताप आला, तर तो डास चावल्याचा नसून मागच्या ऑगस्टमधल्या अर्धवट उपचाराचा असू शकतो. या झोपलेल्या जंतूंना मारणाऱ्या प्रायमाक्वीनचा १४ दिवसांचा कोर्स बरं वाटल्यावर सोडणारे लोक दरवर्षी भेटतात.

धूरफवारणीने काय होतं?

त्या वेळी उडत असलेले डास मरतात. अळ्या आणि अंडी तशीच राहतात, आणि घरात पलंगाखाली, कपड्यांमागे बसलेला एडिस रस्त्यावरच्या धुरात बहुधा सापडतच नाही. साथ पेटलेली असताना आसपासचे विषाणूवाहू डास मारायला ती उपयोगी. जुलैत टायर उचलला असता तर सप्टेंबरात ती लागली नसती.

फ्लूची लस कधी घ्यावी?

पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी. परदेशातले नातेवाईक ऑक्टोबर सांगतात, ते त्यांच्या हिवाळ्यासाठी बरोबर आहे. लसीचं संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं, त्यामुळे ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या ऑगस्टपर्यंत बरीच फिकी पडलेली असते. गरोदर बाया, मधुमेही, दम्याचे रुग्ण आणि वयस्कर मंडळींनी तर पाऊस सुरू व्हायची वाट बघू नये.

ऑगस्टमध्ये ताप आला. फ्लू, डेंग्यू की मलेरिया, घरच्या घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. ऑगस्टमध्ये हे सगळे एकाच बाकावर बसलेले असतात. ढोबळ खुणा अशा: नाक वाहतंय, घसा दुखतोय, घरात आणखी दोघं खोकतायत, तर फ्लूकडे कल. सर्दी-खोकला नाही, पण डोळ्यांच्या मागे आणि अंग मोडून दुखतंय, तर डेंग्यूकडे. थरथरवणारी थंडी, ताप, मग घाम, तर मलेरियाकडे. पुराच्या पाण्यातून चालत गेला असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग लेप्टो या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचाही विचार करावा लागतो, आणि त्यात डासाचा हात नसतो.

तपासणीत दिवस मोजणं महत्त्वाचं. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी आयजीएम त्यानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम नाही आलं म्हणून 'डेंग्यू नाही' असं म्हणता येत नाही. मलेरियासाठी रक्ताची काच ताप असतानाच द्या, आणि तिच्यात मलेरिया नाही दिसला तरी ताप सुरूच असेल तर पुन्हा द्या. तोवर तापाला पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो.

आणि डेंग्यूत ताप उतरला की लोक निश्चिंत होतात, तेव्हाच मी सावध होतो. चौथ्या ते सहाव्या दिवशी ताप गेला आणि पोटात दुखू लागलं, सारखी उलटी होतेय, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा माणूस गळून झोपाळला, तर प्लेटलेट्सच्या आकड्याची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठायचा.